रात्री पावणेनऊचा गजर

सकाळी उठण्यासाठी गजर लावणारी माणसं घरोघरी आहेत. रात्री झोपण्यासाठी गजर लावणारी मोजकीच, आणि त्यांच्यातही बहुतेकांचा गजर काही दिवसांत निकामी होतो. तो वाजतो, पण चुकीच्या वेळी. साडेदहाला झोपायचं म्हणून साडेदहाचाच गजर लावलेला असतो. तो वाजतो तेव्हा ओटा पुसायचा राहिलेला असतो, दूध गार व्हायचं असतं, उद्याच्या भाजीचं ठरलेलं नसतं आणि मालिका ऐन रंगात आलेली असते. ‘आलोच’ म्हणून गजर बंद केला जातो. प्रत्यक्ष पाठ टेकते ती साडेअकराला, आणि त्यानंतरही फोन हातात असतोच.

उपयोगी पडते ती आठवण झोपायच्या वेळी वाजत नाही. हातातली कामं आवरती घ्यायची वेळ झाली की ती वाजते. ही वेळ अंदाजाने ठरवायची नसते, उठण्याच्या वेळेतून वजाबाकी करत ती काढायची असते. वजाबाकी तिसरी-चौथीतली आहे. चुकतात ते तिच्यात घालायचे आकडे, म्हणून आधी तेच पाहू.

पहिला आकडा उठण्याचा. इथे गजराची वेळ धरू नका, पाय जमिनीला लागतात ती वेळ धरा. पाचचा गजर दोनदा पुढे ढकलून तुम्ही सव्वापाचला उठत असाल, तर तुमचा आकडा सव्वापाच. सुरुवात याच टोकाकडून करायची, कारण झोप लागणं आपल्या हुकमात नसतं. उठणं मात्र असतं. शिवाय रोज एकाच वेळी उठून सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला, की शरीराचं आतलं घड्याळ त्याच्याशी जुळतं आणि रात्रीची पेंगही ठरावीक वेळी येऊ लागते. झोपण्याची वेळ पक्की आणि उठण्याची सैल ठेवली, तर हे जुळणं होत नाही.

दुसरा आकडा लागणाऱ्या झोपेचा. झोपेच्या वैद्यकात काम करणाऱ्या दोन अमेरिकी संस्थांनी २०१५ साली एकत्र बसून प्रौढांसाठी किमान ७ तासांचा निर्वाळा दिला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं पुढे सांगितलं गेलं. पण सात ही खालची मर्यादा झाली. तुमचा स्वतःचा आकडा काढायचा असेल तर दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी कामाला येते. गजर न लावता झोपा. पहिले तीन-चार दिवस मोजू नका, कारण तेव्हा शरीर आधीची थकबाकी वसूल करत असतं. त्यानंतरच्या रात्री जितकी झोप होऊन आपोआप जाग येते, ती तुमची गरज. कुणाची सव्वासात तास निघेल, कुणाची पावणेआठ. ‘मला पाच तास पुरतात’ म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. त्यांच्यातल्या बहुतेकांना पाच पुरत नसतात, पाचांची सवय झालेली असते.

नव्वद मिनिटांच्या चक्रांचा एक हिशेब सध्या फार फिरतो. साडेचार तास, सहा तास, साडेसात तास अशा टप्प्यांवर उठलं की ताजंतवानं वाटतं आणि मधल्या वेळी उठलं की डोकं जड होतं, असा तो हिशेब. झोपेची आवर्तनं असतात हे खरंच आहे आणि त्यांची सरासरी नव्वदीच्या आसपास येते हेही खरं. पण एकेक आवर्तन सत्तर मिनिटांचंही असतं आणि एकशेवीसचंही, आणि ते माणसागणिक आणि एकाच रात्रीत बदलतं. शिवाय डोळा नेमका कधी लागला हे तुम्हाला सांगता येत नाही. मग चौथ्या-पाचव्या आवर्तनाचा शेवट घड्याळावर कसा गाठणार? सात तास झोपायची सोय असताना ‘चक्र मोडेल’ म्हणून सहा तासांचा गजर लावणारेही भेटतात. तुम्ही तसं करू नका.

तिसरा आकडा बहुतेक जण विसरतात. दिवा बंद केला म्हणजे झोप लागली असं होत नाही. निरोगी माणसालाही डोळा लागायला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात आणि रात्रीत मधूनमधून थोडी जाग येतेच. दोन्ही मिळून अर्धा तास धरा. सात तास झोप हवी असेल तर साडेसात तास अंथरुणात घालवावे लागतात. दहाला पडून पाचला उठणारा माणूस ‘माझे सात तास होतात’ म्हणतो, तेव्हा त्याच्या पदरात साडेसहाच पडलेले असतात.

चौथा आकडा आवरतं घेण्याचा. या लेखाचा खरा विषय तोच, आणि सर्वांत मोठी फसगतही तिथेच होते. विचारलं तर माणसं सांगतात ‘पंधरा-वीस मिनिटं’. एक दिवस घड्याळ लावून मोजा. जेवण संपल्यापासून पाठ टेकेपर्यंत काय काय होतं? उरलेलं अन्न काढून ठेवायचं, ओटा, खरकटी भांडी, विरजण, मोड आणायचं कडधान्य भिजत घालणं, पोराचं दप्तर, उद्याचे कपडे, गॅसचा कॉक, दाराची कडी. ही झाली कामं. त्यानंतर मनाला आणि अंगाला सैल व्हायला वेळ लागतो तो वेगळा. हे दोन वेळ वेगवेगळे मोजायचे. कामांचा वेळ विश्रांतीत धरला की माणूस ओट्यावरून थेट अंथरुणात जातो आणि तिथे फोन उघडतो. दिवसभरातली त्याची स्वतःची म्हणावी अशी पहिली निवांत वेळ तीच असते.

एक उदाहरण आता पूर्ण सोडवून पाहू. डोंबिवलीतल्या एका घराची दिनचर्या समजा. बाई सकाळच्या सत्राच्या शाळेत पाचवीपुढच्या वर्गांना शिकवतात आणि शाळा सातनंतर लगेच भरते. नळाचं पाणी पहाटे साडेपाचला येतं. दोन डबे करायचे असतात. म्हणून त्या सव्वापाचला उठतात. नवरा मुंबईत नोकरीला, लोकलने घरी पोचेपर्यंत साडेआठ. मुलगा आठवीत. जेवणं नऊला सुरू होतात, ओटा आवरेपर्यंत सव्वादहा, मग थोडा टीव्ही आणि थोडा फोन. बाईंचा डोळा लागतो साडेअकराच्या सुमारास, म्हणजे झोप पावणेसहा तास. सुटीतल्या प्रयोगात त्यांची गरज सव्वासात तासांची निघाली.

वजाबाकी करू. सव्वापाचमधून सव्वासात तास मागे गेलं की रात्रीचे दहा येतात, तेव्हा डोळा लागलेला हवा. अर्धा तास मागे साडेनऊ, तेव्हा दिवा बंद. सैलावण्याची चाळीस मिनिटं मागे ८.५०. ओटा आणि उद्याची तयारी यांची पस्तीस मिनिटं मागे सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठला जेवण संपून ओट्याला हात लागला पाहिजे. नवरा अजून स्टेशनातही उतरलेला नाही.

बहुतेक जण इथे कागद चुरगाळतात. ‘आमच्या घरात हे जमणं शक्य नाही’ म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण उलट्या हिशेबाचा फायदा असा, की नेमकं काय जमत नाही ते कागदावर दिसतं. इथे अडचण बाईंच्या निग्रहात नाही. जेवणाची वेळ, ओटा एकटीने आवरणं आणि सकाळच्या पाण्यासाठी एकटीनेच उठणं, या तीन जागी गाडी अडते आहे. यातलं काय हलवता येईल?

तिघांनी मिळून जेवायचा आग्रह या घराने सोडला नाही, आणि मला तो योग्य वाटतो. एकत्र जेवण ही घरातली एकमेव निवांत गाठभेट असेल तर झोपेसाठी ती मोडू नये. पण तासभर रेंगाळणारं जेवण कमी करता येतं. नवरा आल्यावर हातपाय धुऊन लगेच पानं घ्यायची, कुकर आधीच उतरलेला, पोळ्या आधीच झालेल्या, टीव्ही बंद. साडेआठऐवजी ८.१७ला घरी पोचवणारी आधीची लोकल मिळाली तर आणखी बरं. ती मिळाली, आणि पावणेनऊला ताटं उचलली जाऊ लागली. ओटा दोघांनी आणि दप्तर मुलाने आवरायचं ठरलं. सकाळचं पाणी नवऱ्याने भरायचं. त्यामुळे बाईंचं उठणं सव्वापाचवरून साडेपाचवर आलं. रात्रीची पंधरा मिनिटं सकाळच्या बाजूने मिळाली, हे पुष्कळदा कुणाच्या लक्षातच येत नाही. उठण्याची वेळ दगडावरची रेघ मानण्याआधी पहाटेची कामं एकदा तपासून पाहावीत. काही कामं दुसऱ्याकडे जाऊ शकतात आणि काही करायचीच गरज नसते.

आता नवा हिशेब. उठणं साडेपाच. दिवा बंद दहाला. अंथरुणात साडेसात तास, त्यात झोप सुमारे सात. सैलावणं ९.२० पासून. ओटा आणि तयारी पावणेनऊपासून. गरज सव्वासातची आणि मिळतात सात, म्हणजे पाव तासाची तूट राहिली. ती राहू द्यावी. पावणेसहावरून सातवर येणं ही मोठी मजल आहे. त्या पाव तासासाठी घरातला प्रत्येक संध्याकाळचा घास घाईचा करणं परवडत नाही.

पण दहाला दिवा बंद करायचा हे ठरलं म्हणून आज दहाला झोप येईल असं नाही. रोज साडेअकराला झोपणारा माणूस दहाला आडवा झाला तर तो छताकडे बघत पडून राहतो. याला शरीरात कारण आहे. झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे जागेपणाच्या तासांनी साठत जाणारी झोपेची ओढ आणि दुसरं आतलं घड्याळ. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली ही जोडगोळी मांडली आणि आजही झोपेचा विचार याच चौकटीत होतो. गंमत अशी, की नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीच्या दोन-तीन तासांत आतलं घड्याळ जागेपणाला सर्वांत जास्त जोर लावतं. इस्रायलचे पेरेट्झ लाव्ही यांनी १९८६ साली दाखवलं, की या पट्ट्यात थकलेल्या माणसालाही झोप लागणं कठीण जातं. साडेअकराला झोपणाऱ्याचे नऊ-साडेनऊ याच पट्ट्यात येतात. जेवल्यावर पेंगणारी माणसं दहाच्या सुमाराला एकदम तरतरीत होतात, त्याचं मूळ इथेच आहे.

म्हणून सरकायचं ते पंधरा-पंधरा मिनिटांनी. बाईंना साडेअकरावरून दहाच्या थोडं पुढे यायचं आहे, म्हणजे सव्वा तास. पहिले तीन-चार दिवस दिवा पूर्वीच्याच वेळेपेक्षा पाव तास आधी बंद करायचा. वीस मिनिटांच्या आत झोप लागू लागली की आणखी पाव तास मागे. सगळा पल्ला गाठायला तीन आठवडे धरा. आवरतं घेण्याचा गजरही त्याच पायऱ्यांनी मागे आणायचा, पहिल्या दिवसापासून पावणेनऊचा हट्ट नको. उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पक्की, रविवारीसुद्धा. रविवारी फार तर तासभर उशीर चालेल. रविवारी नऊला उठणाऱ्याला त्या रात्री वेळेवर झोप येत नाही आणि सोमवारी सगळं पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. सकाळी उठल्यावर गॅलरीत किंवा गच्चीत पंधरा-वीस मिनिटं उजेडात काढली तर घड्याळ लवकर मागे सरकतं. बंद खोलीतल्या ट्यूबलाइटला तो जोर नाही, ढगाळ आकाशालासुद्धा तिच्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो.

आता गजर लावू. गजर दोन. पहिला पावणेनऊचा, त्याच्यावर लिहायचं ‘ताटं उचला, ओटा’. दुसरा ९.२०चा, त्याच्यावर ‘फोन बाहेर चार्जिंगला, मोठा दिवा बंद’. दहाला गजर नाही. झोप यायच्या वेळी कर्कश वाजून जागं करणारा गजर कशाला हवा? ‘झोपायची वेळ झाली’ असा मोघम मजकूरही लिहू नका. तो वाचून माणसाला काय करायचं ते कळत नाही आणि बोट आपोआप बंद करण्याच्या बटणाकडे जातं. गजराने एक हालचाल सांगावी, ती जागेवरून उठून करायची असावी आणि दोन मिनिटांत सुरू होण्यासारखी असावी. एकदा उठलं की पुढची कामं ओळीने होतात.

फोनमध्ये याची सोय असते. आयफोनच्या Health मध्ये Sleep या भागात उठण्याची वेळ, झोपण्याची वेळ आणि त्याआधीचा Wind Down असा अवधी भरता येतो. अँड्रॉइडवर गूगलच्या घड्याळात Bedtime हा भाग आहे आणि Digital Wellbeing मध्ये Bedtime mode. कंपनीगणिक नावं आणि जागा थोड्या बदलतात. पण लक्षात घ्या, की फोन झोपण्याच्या वेळेपासून मागे मोजतो आणि तुमचा ओटा त्याला माहीत नसतो. म्हणून फोनमधली सोय दुसऱ्या गजरासाठी वापरा आणि पहिला गजर साध्या घड्याळात मजकूर लिहून लावा. सकाळच्या गजराचा सूर रात्रीच्या गजराला देऊ नका, त्या सुराशी दचकून उठणं जोडलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांनी सूर बदला, नाहीतर कान त्याला ओळखेनासे होतात.

फोन खोलीबाहेर ठेवायचा म्हटलं की पहिली हरकत येते ती गावाकडच्या आईवडिलांची. रात्री काही झालं तर? ती रास्त आहे. फोन शांत ठेवण्याच्या सोयीत ठरावीक माणसांचे फोन वाजू देण्याची मुभा असते. ती नावं आधीच भरून ठेवा आणि आवाज मोठा करून फोन दिवाणखान्यात ठेवा. त्याच माणसाचा लागोपाठ दुसरा फोन आला तर तो वाजू द्यायचा, अशीही सोय दोन्हीकडे आहे. सकाळसाठी सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ घ्या. फोन उशाशी ठेवण्याचं शेवटचं निमित्त त्याने संपतं.

निळ्या उजेडाची भीती अनेकांनी घेतली आहे आणि पडदा पिवळसर करून ती गेली असं मानलं आहे. रात्रीचा भगभगीत उजेड घड्याळाला पुढे ढकलतो हे खरं, पण त्यात छतावरच्या ट्यूबलाइटचा वाटा पडद्यापेक्षा कमी नसतो. फोनचं खरं नुकसान वेगळं आहे. त्याला शेवटचं पान नसतं, आणि सोसायटीच्या गटावरचं पार्किंगचं भांडण पिवळ्या पडद्यावरही तितकंच चिडवतं. उत्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एका सवयीचा अभ्यास मांडला. बाहेरचं काही कारण नसताना माणसं ठरलेल्या वेळी झोपायला जात नाहीत, ही ती सवय. पडदा पिवळा केल्याने ती जात नाही.

मग ९.२० ते दहा करायचं काय? अंथरुणात जाऊन पडायचं नाही, हे पहिलं. मोठा दिवा बंद करून लहान दिवा लावा. कोमट-गरम पाण्याने अंघोळ करणाऱ्यांना एक फायदा आहे. झोपेच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ केली तर हातापायांच्या त्वचेकडे रक्त येतं, आतली उष्णता बाहेर पडते, शरीराचं तापमान उतरू लागतं आणि झोप लवकर लागते. ही वेळ चुकवू नका. अंथरुणात शिरायच्या आधी लगेच केलेली गरम अंघोळ तितकी कामाची नाही. बाईंना ती पावणेनऊच्या आधीच, पोळ्या झाल्यावर उरकावी लागते, आणि उन्हाळ्यात ती सोडून दिली तरी चालेल.

दुसरं काम कागदावरचं. उद्या काय काय करायचं ते पाच मिनिटं लिहून काढा, आणि मोघम नको. ‘शाळेचं काम’ असं न लिहिता ‘आठवी ब चे निबंध, २२ वह्या, तिसऱ्या तासाला’ असं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५७ तरुणांना असं काहीतरी लिहायला सांगितलं होतं. पुढची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी बारीक तितका फरक जास्त. प्रयोग लहान होता, पण खर्च एका पेन्सिलीचा आहे. उरलेल्या वेळात तुमच्या आवडीचं आणि आपोआप संपणारं काहीही करा. एक गोष्ट वाचा, थोडं गाणं ऐका, मुलाच्या पाठीवर हात फिरवत बोला. घरखर्चाचा आणि कर्जाच्या हप्त्याचा विषय मात्र या चाळीस मिनिटांत काढू नका.

चहाही याच हिशेबात मागे मोजायचा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्त. दहाला दिवा बंद करणाऱ्याने सहाला घेतलेल्या कडक कॉफीचा मोठा भाग तेव्हाही अंगात असतो. २०१३ सालच्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने झोप तासाहून जास्त घटवली होती. एवढं कॅफिन म्हणजे कितीतरी कप चहा, त्यामुळे घाबरायला नको. तरी शाळेतून आल्यावरचा तीन-चारचा चहा हा शेवटचा ठेवावा.

हिशेब बरोबर बसला की नाही हे कळायला मनगटावरचं यंत्र लागत नाही. दोन आठवडे एका वहीत तीन वेळा लिहा: दिवा बंद केला ती, अंदाजे डोळा लागला ती आणि उठलात ती. लिहायचं सकाळी, रात्री घड्याळ बघायचं नाही. रात्री मिनिटं मोजत पडणं हाच झोप उडवायचा खात्रीचा उपाय. मग वही वाचा. दिवा बंद केल्याकेल्या, दोन-तीन मिनिटांत झोप लागत असेल तर ती कौतुकाची गोष्ट नाही. झोपेची थकबाकी मोठी आहे, आणखी पाव तास मागे या. रोज अर्ध्या तासाहून जास्त वेळ तळमळत असाल तर दिवा फार लवकर बंद होतो आहे, पाव तास पुढे जा. मधल्या एखाद्या रात्री वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं, तर उठून मंद उजेडात बसा आणि पेंग आल्यावर परत जा. रविवारी तुम्ही दोन तास जास्त झोपत असाल तर आठवड्याचा हिशेब अजून तुटीचा आहे. आणि गजराआधी पाच-दहा मिनिटं आपोआप जाग येऊ लागली, की आकडे जमले.

एक गोष्ट पालकांसाठी. दहावीच्या मुलाला पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवायची आपल्याकडे मोठी हौस असते. त्याला हीच वजाबाकी लावा. झोप किमान आठ तास, पडल्यावरचा अर्धा तास, म्हणजे साडेसातला दिवा बंद. तेव्हा तो क्लासमधून नुकताच घरी येत असतो. शिवाय या वयात आतलं घड्याळ निसर्गतःच पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे त्याला दहाच्या आत झोप येतच नाही. साडेदहाला झोपणाऱ्या मुलाला चारला उठवलं तर रोज अडीच तास कापले जातात, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेतच करतो. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं सांगितलं, ते मुलांची झोप होत नाही या कारणासाठीच. मोठ्या मुलांना ती सवलत नाही. घरातली चारची सक्ती तरी आपण काढू शकतो.

पाळीत काम करणाऱ्यांना, म्हणजे रात्रपाळीच्या परिचारिका, पहारेकरी, कारखान्यातले कामगार यांना वजाबाकी लागू आहे, पण घड्याळ सरकवण्याचा भाग नाही. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर शरीर जुळायच्या आत वेळ बदलते. त्यांनी पाळी संपून घरी पोचण्यापासून आवरतं घेण्याचा वेळ मोजावा, खोली काळोखी ठेवावी, आणि दुपारी दार वाजवणाऱ्यांना आवरण्याचं काम घरच्यांनी घ्यावं.

आणि काहींनी हा उपाय करूच नये. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही किंवा टिकत नाही आणि हे तीन महिने चाललं आहे, त्यांना लवकर अंथरुणात जाऊन अपायच होतो. जागेपणी अंथरुणात घालवलेला प्रत्येक तास निद्रानाश मुरवतो. त्यांच्यासाठी औषधाविना करायचे ठरलेले वर्तनोपचार आहेत आणि त्यांत सुरुवातीला अंथरुणातला वेळ उलट कमी करतात. ते जाणकाराच्या देखरेखीखालीच करावं. ज्यांचं घोरणं मध्येच थांबतं आणि धाप लागून पुन्हा सुरू होतं, किंवा जे आठ तास झोपूनही गाडी चालवताना पेंगतात, त्यांची अडचण वेळेची नसून श्वासाची असू शकते. त्यांनी गजर लावत बसू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं.